शिष्यवृत्ती परीक्षा: एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर वाटत असतील तर पत्र कुणाला आणि कसं लिहायचं

ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांची पहिली चूक पत्त्यातच होते. वाशीचं विभागीय मंडळ जवळ आहे, म्हणून पत्र तिकडे जातं. ते मंडळ दहावी-बारावीचं. शिष्यवृत्ती परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, आणि वाशीच्या आवक खिडकीवर शिक्का मारून घेतलेल्या पत्राचा तिथे काहीही उपयोग नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात दिलेल्या पत्राचंही तेच. परिषद टपालाने, समक्ष किंवा ईमेलने आलेले आक्षेप विचारात घेत नाही, हे तिच्या सूचनेतच लिहिलेलं असतं. तरी दरवर्षी लेटरहेडवर सुबक टाइप केलेली पत्रं पोस्टात पडतातच.

आक्षेप ऑनलाइनच नोंदवायचा. शाळेने शाळेच्या लॉगिनमधून, पालकांनी संकेतस्थळावरच्या दुव्यावरून. लॉगिन मुख्याध्यापकांकडे असतं आणि ते नेमके रजेवर असतात. अशा वेळी अडून न बसता एखाद्या पालकाकडून नोंद करून घ्या, मजकूर तुम्ही लिहून द्या.

मुदतीचा घोळ याहून मोठा. परीक्षेनंतर आधी अंतरिम उत्तरसूची येते आणि आक्षेपाची खिडकी तेवढ्यापुरती, मोजके दिवस उघडते. बरेच जण 'अंतिम येऊ दे, मग बघू' म्हणून थांबतात. अंतिम उत्तरसूचीवर आक्षेप घेतला जात नाही. निकालानंतरच्या गुणपडताळणीत तुमच्या पाल्याचे गुण तपासले जातात, उत्तरसूची नव्हे. तिथे प्रश्नावर वाद घालून शुल्क वाया जातं.

आता मजकूर. समजा पाचवीच्या बुद्धिमत्ता चाचणीत प्रश्न आहे: 2, 3, 5, ? आणि पर्याय 7, 8, 10, 11. सूचीत उत्तर 8, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. वर्गातल्या हुशार पोरांनी मात्र 7 रंगवलंय, कारण त्यांना ओळीने येणाऱ्या मूळ संख्या दिसल्या. दोघांचंही बरोबर आहे.

इथे शिक्षक भावनेला हात घालतात: 'विद्यार्थ्यांवर अन्याय झाला आहे, तरी योग्य तो निर्णय व्हावा.' तज्ज्ञांनी यावर काय करायचं? त्यांना दुसरं उत्तर कोणत्या नियमाने येतं, तो नियम अभ्यासक्रमात आहे का, आणि प्रश्नात काय कमी पडलं, एवढंच हवं असतं. मी असं लिहीन:

'2, 3, 5 या पदांना दोन नियम लागू पडतात. आधीच्या दोन पदांची बेरीज केल्यास पुढचं पद 8. क्रमाने मूळ संख्या घेतल्यास 7. मूळ संख्या पाचवीच्या गणितात आहेत. चौथं पद दिलं असतं, तर या दोनपैकी एकच नियम उरला असता. तसं पद किंवा सूचना प्रश्नात नाही. सबब पर्याय 7 व 8 यांपैकी कोणताही एक नोंदवणाऱ्यास गुण द्यावेत, अन्यथा प्रश्न रद्द करावा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर बदला, दोन्ही ग्राह्य धरा की प्रश्न रद्द करा, यातलं नेमकं काय मागता ते आक्षेपात दिसलं पाहिजे. नुसतं 'उत्तर चुकीचं आहे' असं लिहिलंत तर 8 हे चूक नाही, एवढ्यावर आक्षेप निकाली निघतो. दुसरं टोकही टाळा. बीजगणित वापरून कोणत्याही मालिकेचं पुढचं पद वाटेल ते आणता येतं, पण तो मुद्दा मांडलात तर सगळ्याच मालिका रद्द कराव्या लागतील. पाचवीच्या मुलाला दिसेल असाच नियम टिकतो.

आठवीसाठी एक वेगळी अडचण आहे. तिथे कमाल 20 टक्के प्रश्नांना मुळातच दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही रंगवणं बंधनकारक असतं. त्यामुळे 'या प्रश्नाला दोन उत्तरं येतात' एवढं लिहिणं हास्यास्पद ठरतं. सूचीत त्या प्रश्नाला एकच पर्याय दिला आहे, हे आधी तपासा आणि आक्षेपाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

राहिला कागद. शिक्षकाकडे सहसा नसते ती प्रश्नपुस्तिका. ती कुठल्यातरी दप्तरात चुरगळलेली असते. ती मिळवाच, कारण संच ए, बी, सी, डी असे असतात आणि एकाच प्रश्नाचा क्रमांक संचागणिक बदलतो. क्रमांक बी संचाचा आणि संच निवडला ए, की तुमचा आक्षेप भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटतो. म्हणून मजकुरात प्रश्न पूर्ण उतरवून काढा. माध्यमही नमूद करा. मराठीत शब्द संदिग्ध आणि इंग्रजीत स्पष्ट, असंही होतं.

दहा शाळांनी एकच मजकूर चिकटवला म्हणून वजन वाढत नाही, मतमोजणी नसते ही. वैयक्तिक उत्तरही येत नाही. अंतिम उत्तरसूची लागली की आपल्या संचातला तो क्रमांक काढून बघायचा, निर्णय तिथेच असतो.