प्रेशर कुकर आणि उत्कलनबिंदू

उत्कलनबिंदू म्हणजे द्रव ज्या तापमानाला उकळतो ते तापमान. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटात बुडबुडे टिकू लागतात आणि पाणी उकळते. समुद्रसपाटीला हे १०० अंश सेल्सिअसला घडते. त्यानंतर आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातले पाणी आणखी तापत नाही. जास्तीची उष्णता फक्त वाफ करण्यात जाते.

उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळते, पण तेवढेच कमी तापलेले असते. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तो ९५-९६ अंशांच्या आसपास असतो, तर सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला जवळपास ८८ अंश. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत असताना त्याच्या सोबत्यांनी बटाटे रात्रभर चुलीवर ठेवले, सकाळी पुन्हा उकळले, तरी ते शिजले नाहीत. सोबत्यांनी दोष नव्या भांड्याला दिला. भांडे बिचारे निर्दोष होते. त्यातले पाणी खळखळत होते, पण पुरेसे गरम नव्हते.

कुकरमध्ये याच्या उलट घडते. कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या वर जाते. घरगुती कुकरची शिटी साधारणपणे आतला दाब बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाइतका, जास्त झाला की उचलली जाते. तेव्हा आत सुमारे १२० अंश तापमान असते. शिजण्याचा वेग ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो असे धरले, तर वीस अंशांत तो चौपट होतो. उघड्यावर तासभर लागणारी डाळ पाव तासात होते ती यामुळे.

शिटी मोजते तो आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लेहला बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. तिथे तोच कुकर शिटी देतो तेव्हा आत ११५ अंशांच्या आसपासच तापमान असते. म्हणून तिथे डाळ कुकरमध्येही थोडा जास्त वेळ ठेवावी लागते, पण उघड्या पातेल्यातल्या ८८ अंशांपेक्षा ती कितीतरी लवकर शिजते.

रिंग सैल झाली की झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत राहते, शिटी होत नाही आणि डाळ बोटचेपी न होता टचटचीत राहते. दाबच न चढल्यामुळे आतले पाणी १०० अंशांच्या फारसे वर गेलेले नसते. शिट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक करून मिनिटे मोजणे भरवशाचे, कारण मोठ्या आचेवर शिट्या भराभर होतात, पण तापमान तेवढेच राहते.

वाफ जिरायच्या आत शिटी उचलली तर दाब एकदम उतरतो. आतले पाणी १०० अंशांच्या वर असल्याने सगळीकडून एकाच वेळी उसळते आणि वरणाचा पिवळा फवारा शिटीच्या भोकातून छतापर्यंत जातो.