बाळाची मूठ उघडते का? मालिश करताना आमच्या मावशी काय बघतात

नमस्कार,

आमच्या मावशी तुमच्या घरी येऊ लागल्या की तेलाची वाटी हातात घेण्याआधी बाळाचे दोन्ही तळहात उघडून बघतात आणि नाकाशी नेऊन त्यांचा वासही घेतात. बऱ्याच आयांना ते विचित्र वाटतं. "मावशी हे काय करतात?" असं विचारणारे फोन येतात, म्हणून हे पत्रक छापलं आहे. नव्या प्रत्येक घरी पहिल्या आठवड्यातच ते देतो.

बाळाच्या बंद मुठीत दूध ओघळतं, घाम साचतो, दुपट्याची सुतं अडकतात. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत त्याला आंबूस वास येतो आणि घड्यांमधली कातडी लाल होते. महिन्याभराच्या बाळाच्या दोन्ही हातांना असा वास येत असेल तर काळजीचं काही नाही. नवजात बाळ मुठी मिटूनच असतं, आणि तळहातात बोट दिलं की ते घट्ट धरून ठेवतं. हळूहळू ही पकड सुटत जाते. दोन महिन्यांच्या सुमारास बोटं मधूनमधून मोकळी होतात आणि तीन ते चार महिन्यांत हात बराच वेळ उघडा राहू लागतो. चार महिने उलटून गेले तरी हात सदा मिटलेला, अंगठा बोटांच्या आत दाबलेला, आणि तोही एकाच हाताचा, असं दिसलं तर मात्र मावशी आम्हाला कळवतात आणि आम्ही तुम्हाला.

कारण मेंदूच्या ज्या भागातून हातापायांना हुकूम जातो, त्याला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या काळात इजा झाली असेल तर ती अनेकदा अशीच, स्नायूंच्या ताणातून दिसू लागते. सेरेब्रल पाल्सी म्हणतात ती हीच. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण बाळ वाढतं तसा तिचा परिणाम जास्त उघड होत जातो. म्हणूनच तीन महिन्यांचं असताना "ठीक आहे" वाटलेलं बाळ सहाव्या महिन्यात वेगळं दिसू शकतं.

एका घरातली गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने.

लालबागच्या चाळीतलं कुटुंब. बाळ ३४ आठवड्यांचं जन्मलं, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या ६ आठवडे आधी. काही दिवस काचेच्या पेटीत होतं, मग सुखरूप घरी आलं. आमच्या मावशी तिथे जाऊ लागल्या तेव्हा ते २३ आठवड्यांचं, म्हणजे सव्वापाच महिन्यांचं होतं. चौथ्या दिवशी मावशींनी मला फोन केला. "ताई, डाव्या हाताला काहीच वास नाही, उजव्याला मात्र रोज येतो. रोज पुसते, रोज तेच. आणि अंगठा आतच असतो."

मी घरी गेले. आजी म्हणाल्या, "अहो, आमचा बाळ्या डावखुरा होणार, आजोबांवर गेलाय. खुळखुळा बघा कसा डाव्या हाताने ओढतो." खरंच तो डाव्या हाताने झडप घालत होता. मी खुळखुळा उजव्या बाजूला नेला, तरी डावा हातच छातीवरून पलीकडे आला. उजवा हात कोपरात वाकलेला, अंगाशी चिकटलेला, मूठ तशीच.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत चूक याच दोन ठिकाणी होते.

पहिली, वय कसं मोजायचं. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून धरतात, डॉक्टर त्याला करेक्टेड एज म्हणतात. या बाळाचे २३ वजा ६, म्हणजे १७ आठवडे झाले, चार महिनेही पुरते नाहीत. त्या हिशेबाने दोन्ही मुठी थोड्या मिटलेल्या असत्या तर "अजून दोन-तीन आठवडे बघू" असं मी म्हटलं असतं. पण एक हात उघडा आणि एक मिटलेला, याला वयाची सवलत नाही. लवकर जन्मल्यामुळे उशीर होतो तो दोन्ही हातांना होतो.

दुसरी, डावखुरेपण. कोणता हात प्यारा, हे वर्षाच्या आत ठरत नाही. तोपर्यंत बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं, ज्या बाजूला खेळणं असेल तो हात पुढे येतो. चार-पाच महिन्यांचं बाळ एकाच हाताचं झालं असेल तर दुसरा हात का येत नाही, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आजोबा डावखुरे आहेत की नाहीत याने काही फरक पडत नाही.

त्या घराला आधी एका ठिकाणी "बाळ आळशी आहे, वर्षाचं झाल्यावर बघू" असं सांगितलं गेलं होतं. मी त्यांना थांबू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं. त्यांनी केलेल्या तपासणीला हॅमरस्मिथ तपासणी म्हणतात. २ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठी ती आहे. सुई नाही, मशीन नाही. बाळाला धरून, वळवून, हातपाय हलवून २६ गोष्टी बघतात, जास्तीत जास्त ७८ गुण असतात आणि डावी-उजवीतला फरक वेगळा नोंदवतात. या बाळात तो फरक बराच निघाला. नंतर एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा दिसली. डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळल्या. डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. "सेरेब्रल पाल्सीचा धोका जास्त आहे" असं म्हणाले आणि त्याच आठवड्यात थेरपी सुरू केली. नाव नक्की होण्याची वाट बघत बसायचं नसतं.

थेरपिस्टने दिवसातून अर्धा तास डाव्या, चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायला शिकवलं. तेवढा वेळ बाळाला उजव्याच हाताने खेळणं गाठावं लागायचं. पहिले दिवस बाळ चिडायचं, आई रडायची. आज ते दीड वर्षाचं आहे. उजव्या हाताने चेंडू धरतं, दोन्ही हातांनी वाटी उचलतं. चुरमुरा चिमटीत मात्र धरता येत नाही, आणि धावपळ केली की तो हात अजूनही वाकतो. थेरपीने इजा पुसली जात नाही. बाळ तो हात वापरायला शिकतं, आणि मेंदू घडत असतानाच ते शिकणं जास्त सोपं जातं.

आता अंगाच्या ताठरपणाविषयी. आमच्या मावशींना तो लंगोट बदलताना कळतो. खुबे उघडत नाहीत, मांड्या एकमेकींना चिकटतात, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात आणि पावलं खाली ताणली जातात. असं बाळ फसवं असतं. ताठपणामुळे ते "किती ताकदीचं आहे, आत्ताच उभं राहतंय" असं वाटतं. अंग मागे कमानीसारखं ताणून ते लवकर पालथंही पडतं, आणि घरात पेढे वाटले जातात. उभं राहण्याचा आनंद जरूर करा, पण पाय दुमडून बाळ सहज बसवता येतं का, तेही बघा.

ढिलं बाळ याच्या उलट. काखेत धरून उचललं की हातातून निसटतंय असं वाटतं, निजवलं की पाय बेडकासारखे दोन्हीकडे पडलेले राहतात. हात धरून हळूच उठवताना चार-पाच महिन्यांनंतरही डोकं मागेच लोंबत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ढिलेपणाची कारणं बरीच असतात, थायरॉइड किंवा स्नायूंचे आजारही त्यात येतात, म्हणून तपासणी लागतेच. सुरुवातीला ढिलं असलेलं बाळ काही महिन्यांनी ताठ होतं, असंही घडतं. तेव्हा "आता अंगात जोर आला" असं म्हणून थेरपी सोडू नका.

मालिशीबद्दल आमचा नियम स्पष्ट आहे. मालिशीने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही, आणि तसं सांगणारी व्यक्ती आमच्याकडे काम करत नाही. ताठ पाय जोर लावून ताणायचा नाही. जोराने चोळलं की तो आणखी ताठरतो. हात-पाय छातीवर फुली करून ओढणं, उलटं धरून झुलवणं हे आम्ही कोणत्याच बाळाला करत नाही. मूठ उघडायची असेल तर बोटं उपटू नका. मनगट तळहाताच्या दिशेने हळूच वाकवा, बोटं आपोआप सैल होतात. मग अंगठ्याच्या बुडाकडून, हळुवार, अंगठा बाहेर घ्या, कोमट पाण्याच्या फडक्याने घड्या पुसा आणि कोरड्या करा. हीच युक्ती आमच्या मावशी वापरतात, तुम्हीही शिकून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना एक व्हिडिओ न्या. बाळ जागं, पोट भरलेलं, न रडणारं हवं. पाठीवर निजवा, हातपाय उघडे ठेवा, खेळणं देऊ नका, बोलू नका, आणि वरून तीन-चार मिनिटं चित्रीकरण करा. करेक्टेड वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळाच्या मान, खांदे, मनगटं, घोटे यांत सतत बारीक, गोल चुळबुळ असते. तिचा अभाव हे प्रशिक्षित डॉक्टरांसाठी मोठं लक्षण आहे. तो काळ गेला की ही खूण वाचता येत नाही, म्हणून व्हिडिओ उद्यावर टाकू नका. जन्माचे कागद, पेटीत असतानाचे रिपोर्ट आणि कावीळ झाली असेल तर तिचे आकडेही बरोबर असू द्या.

परळचं वाडिया रुग्णालय खास मुलांचं आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे थेरपी मिळते. केईएम, सायन आणि नायरमध्येही बालरोग विभाग आहेत. जवळचं कोणतं ते बघा, कारण थेरपीला पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि बाळाला घेऊन गर्दीच्या लोकलमधून लांब जाणं महिनाभरात थकवतं.

एका गोष्टीला मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. बाळ झोपेतून उठताना वारंवार, एकापाठोपाठ, पुढे वाकून आचके देत असेल किंवा मान टाकत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जमलं तर त्याचाही व्हिडिओ घ्या.

मावशी डॉक्टर नाहीत, आणि त्या बाळाला कोणताही शिक्का लावणार नाहीत. मिटलेली मूठ असलेली बरीच बाळं तपासणीत अगदी ठीक निघतात. त्या काही सांगतील ते आधी मला सांगतील, मी घरी येऊन बघेन आणि मग तुम्हाला बोलेन. या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही. मावशींनी काहीच सांगितलं नाही, पण तुम्हाला स्वतःला एखादा हात खटकत असेल, तरीही मला फोन करा. रोज दूध पाजताना बाळाचा कोणता हात पदरावर येतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.