स्किप लिस्ट

क्रमाने लावलेल्या नोंदी साठवण्याची, यादृच्छिकतेवर आधारलेली डेटा संरचना. विल्यम प्यू यांनी १९९० मध्ये ती संतुलित शोधवृक्षांना पर्याय म्हणून सविस्तर मांडली. एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक ट्री अशा वृक्षांमध्ये नोंद घातली की तोल तपासून फिरवाफिरव करावी लागते. स्किप लिस्ट तोल सांभाळतच नाही. प्रत्येक नोंदीच्या नोडची उंची, म्हणजे तो किती पातळ्यांवर जोडला जाईल हे, जन्मतःच नाणेफेकीने ठरते आणि पुढे बदलत नाही.

तळच्या पातळीवर साऱ्या नोंदी साध्या लिंक्ड लिस्टसारख्या जोडलेल्या असतात. वरच्या पातळ्यांवर मोजकेच नोड असल्याने तिथून लांब उड्या मारता येतात. शोधाचा गाभा एवढाच:

```c
for (i = level - 1; i >= 0; i--)
    while (x->next[i] && x->next[i]->key < key)
        x = x->next[i];
x = x->next[0];
```

समजा ३, ७, १२, १९, २५, ३१ या नोंदींची उंची अनुक्रमे १, २, १, ३, १, २ आहे आणि २८ घालायचे आहे. तिसऱ्या पातळीवर सुरुवातीपासून थेट १९ वर पोहोचतो. पुढे काही नाही म्हणून खाली उतरतो. दुसरीवर पुढचा नोड ३१, म्हणजे मोठा, पुन्हा खाली. पहिलीवर २५ ओलांडतो आणि ३१ पाशी थांबतो. २८ ची उंची २ आली, तर दुसऱ्या पातळीवर १९ नंतर आणि पहिलीवर २५ नंतर तो जोडायचा. चार पॉइंटर लिहिले की काम संपले. काढून टाकणेही असेच, उलट दिशेने. रेड-ब्लॅक ट्रीमधून नोंद काढताना भावंड नोडच्या रंगांनुसार जी प्रकरणे हाताळावी लागतात, ती इथे नाहीतच. कोड लहान राहतो तो यामुळे.

वरच्या उदाहरणात ३१ शी दोनदा तुलना झाली. अशा पुनरुक्तीमुळे सरासरी तुलना सुमारे 2·log₂n होतात, एव्हीएलच्या जवळजवळ दुप्पट. तरीही प्यू यांच्या मोजणीत शोधात एव्हीएल थोडेच पुढे होते, आणि नोंद घालायला मात्र त्याला सुमारे दीडपट वेळ लागला. आजच्या प्रोसेसरवर विखुरलेल्या नोडमुळे होणारे कॅश-मिस दोघांनाही नडतात, त्यामुळे केवळ वेगासाठी स्किप लिस्ट निवडणे योग्य नाही.

पातळी वाढण्याची संभाव्यता १/४ ठेवली तर दर नोडमागे सरासरी १.३३ पॉइंटर लागतात. रेडिस या डेटाबेसच्या सॉर्टेड सेटमध्ये हेच मूल्य आहे.

सर्वात फसवी चूक उंची ठरवण्यात होते. ते फंक्शन नेहमी १ देऊ लागले, तरी प्रत्येक उत्तर बरोबरच येते. फक्त शोध रेषीय होतो आणि छोट्या चाचण्यांत हे कळत नाही. म्हणून उंचीनुसार नोड मोजावेत: १/४ संभाव्यतेत सुमारे तीन चतुर्थांश नोड एका पातळीचे असायला हवेत. यादृच्छिक आकडे बाहेरच्याला ओळखता आले, तर तो उंच नोड वेचून काढून टाकू शकतो आणि रचना पुन्हा साध्या यादीसारखी होते.