‘काही सुचवायचंय का?’ या रकान्यातल्या कमेंटचं आम्ही काय करतो

सर्व्हेत टिकमार्कचे प्रश्न मोजायला सोपे, खरी मेहनत असते शेवटच्या मोकळ्या रकान्यात. बरेच कस्टमर फोनवर म्हणतात, "वर्ड काउंट काढून द्या, बास झालं." तर नुसतं तेवढं का पुरत नाही ते आधी दाखवतो. समजा डब्याचा धंदा आहे आणि शीटमध्ये B2 ते B8 मध्ये या सात कमेंट आल्यात (उदाहरणासाठी आम्हीच रचल्यात, पण येतात त्या अशाच):

```
डबा उशिरा येतो
भाजी छान पण पोळ्या कडक होतात
साडेबाराचा डबा दीडला, मग खायचा कधी
पोळी नीट भाजलेली नसते
भाज्या रिपीट होतात, बटाटा बटाटा बटाटा
late yeto pan bhaji mast
उशीर होत नाही, वेळेवर येतो
```

आता ‘उशीर’ किती जणांनी लिहिलंय ते एक्सेलला विचारू:

```
=COUNTIF(B2:B8,"*उशीर*")
```

उत्तर येतं 1. आणि तो एक कोण, तर शेवटचा, जो उशीर होत नाही म्हणून कौतुक करतोय! खरी तक्रार करणारे तिघं आहेत आणि तिघंही निसटले, कारण पहिल्याने ‘उशिरा’ लिहिलंय (शी दीर्घ आणि शि ऱ्हस्व, एक्सेलच्या लेखी दोन वेगळी अक्षरं), दुसऱ्याने उशीर हा शब्दच न वापरता नुसतं घड्याळ सांगितलंय, आणि तिसरा इंग्रजी लिपीत मराठी लिहितो, जे आजकाल कितीतरी लोक करतात.

मग शब्द तोडून मूळ धरायचं म्हटलं, म्हणजे भाजी, भाज्या, भाजीत सगळं यावं म्हणून नुसतं ‘भाज’ शोधलं, तर 3 येतात, पण त्यात "नीट भाजलेली नसते" ही पोळीची तक्रारही भाजीच्या खात्यात जाऊन बसते, आणि शेवटून दुसरी bhaji राहतेच. बटाट्याचं अजून वेगळं. शब्द मोजले तर 3, माणसं मोजली तर 1, वैतागलेला एकटाच आहे. COUNTIF कमेंट मोजतं म्हणून तिथे 1 दिसतो, पण ते मोठ्या-छोट्या अक्षरांचं रंगीत शब्दचित्र काढलं की बटाटा एवढा मोठा दिसतो की मालक मेनूच बदलायला निघतो.

म्हणून आम्ही शब्द मोजतो ते फक्त सुरुवातीला, कुठे बघायचं याचा अंदाज यावा म्हणून (आहे, पण, आणि असले शब्द आधी काढून टाकतो). खरं काम कोडिंगचं, म्हणजे प्रत्येक कमेंट वाचून तिला एक किंवा जास्त लेबलं लावायची. पहिल्या पन्नास-शंभर कमेंट वाचून लेबलांची यादी करतो आणि प्रत्येकापुढे नियम लिहितो. उदा. ‘उशीर’ म्हणजे ठरल्या वेळेनंतर डबा आला असं लिहिलेलं असलं तरच. कुणी "डबा गार असतो" म्हणालं तर ते ‘गार’ मध्येच, कारण गार हा उशिराने झाला की पॅकिंगने ते त्याने लिहिलेलं नाही आणि आपण त्याच्या वतीने ठरवायचं नाही. मध्येच नवीन लेबल सुचलं तर परत पहिल्या कमेंटपासून बघावं लागतं, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

वरच्या सात कमेंटचा हिशोब असा होतो: उशीर 3, पोळी खराब 2, भाजीचं कौतुक 2, भाजी रिपीट 1, वेळेवरचं कौतुक 1. बेरीज 9, कमेंट 7. चूक नाहीये ही, दोन कमेंटमध्ये दोन-दोन मुद्दे आहेत. त्यामुळे रिपोर्टमधले टक्के शंभराच्या वर गेले की कृपया घाबरून फोन करू नका :)

एकाच माणसाने कोडिंग केलं तर त्याचा कल घुसतो, म्हणून काही कमेंट दुसरा माणूस पहिल्याची लेबलं न बघता करतो आणि मग जुळवून बघतो. इथे नुसत्या ‘इतके टक्के जुळलं’ वर जाऊ नका. शंभरात पाचच कमेंटला एखादं लेबल लागत असेल तर ते एकदाही न लावणाऱ्या आळशी माणसाचंही 95 टक्के जुळतं. म्हणून कोहेनचा कप्पा काढतो, 1960 पासून वापरात असलेलं माप आहे, योगायोगाने जुळलेलं त्यात वजा होतं. या आळशी माणसाचा कप्पा येतो शून्य. कप्पा कमी आला की बहुतेकदा नियमच धूसर लिहिलेला असतो, तो सुधारून ते लेबल परत लावतो.

एक मर्यादा आधीच सांगतो. मोकळ्या रकान्यात सगळे लिहीत नाहीत, बऱ्याचदा चिडलेले किंवा फार खूश असलेलेच लिहितात. म्हणून ‘लिहिणाऱ्यांपैकी इतके’ आणि ‘फॉर्म भरणाऱ्यांपैकी इतके’ असे दोन्ही आकडे देतो, पोस्टरवर टाकताना कुठला टाकताय ते बघा.

तुमच्याकडून लागतं एवढंच: एका ओळीत एक कमेंट आणि पुढे अनुक्रमांक अशी एक्सेल शीट. नाव आणि मोबाईल नंबर मात्र काढून टाका. आणि शुद्धलेखन सुधारून पाठवू नका प्लीज, ‘उशिरा’चं ‘उशीर’ करता करता एकदा एका कस्टमरकडून "होत नाही" मधला ‘नाही’ पण उडाला होता.