भीमेच्या वाटेनं मोजली तर कृष्णा किती लांब?

शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेले दोन आकडे बहुतेकांच्या अजून लक्षात असतात. गोदावरी १४६५ किलोमीटर, कृष्णा १४०० किलोमीटर. दक्षिणेतली सर्वांत लांब नदी कोणती, याचं उत्तर त्यातच मिळून जातं. पण एखादा जुना ज्ञानकोश उघडला की कृष्णा १२९० किलोमीटरची निघते. शंभराहून जास्त किलोमीटर गेले कुठे? ही छपाईची चूक नाही. नदीची लांबी हा आकडा मुळात तीन निर्णयांवर उभा असतो: सुरुवात कुठून धरायची, शेवट कुठे मानायचा आणि मधली वळणं किती बारकाईनं मोजायची. यातला एक जरी निर्णय बदलला तरी आकडा बदलतो. कृष्णेवरच हे करून पाहू.

१४०० किलोमीटरची सरकारी विभागणी अशी: महाराष्ट्रात ३०५, कर्नाटकात ४८३ आणि उरलेले ६१२ जुन्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगण आणि आंध्रात. रायचूरच्या उत्तरेला, कर्नाटकाच्या सीमेपाशी, कृष्णेला भीमा मिळते. तिथवर कृष्णा महाबळेश्वरहून ३०५ अधिक ४८३, म्हणजे साधारण ७८८ किलोमीटर चालून आलेली असते. भीमेची लांबी दिली जाते ८६१ किलोमीटर. संगमावर दोघी भेटतात तेव्हा भीमा सुमारे ७३ किलोमीटर जास्त चालून आलेली असते, आणि तरी पुढच्या प्रवाहाला नाव मिळतं कृष्णेचं.

नदीचा उगम म्हणजे मुखापासून पाण्याच्या वाटेनं सर्वांत दूरचा बिंदू, अशी व्याख्या अनेक भूगोलतज्ज्ञ वापरतात. ती इथे लावली, तर कृष्णेचा उगम महाबळेश्वरला राहत नाही. तो भीमाशंकरला जातो. मग लांबी होते ८६१ अधिक ६१२, म्हणजे १४७३ किलोमीटर. गोदावरीपेक्षा ८ किलोमीटर जास्त!

ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा दोनदा तपासली. पण इथेच थांबलं तर गोदावरीवर अन्याय होईल, कारण जो नियम कृष्णेला लावला तोच तिलाही लावायला हवा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा आग्नेयेला बीदरच्या बाजूला जाते, मग मोठा वळसा घेऊन उत्तरेला फिरते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर दिली जाते. गोदावरीचा महाराष्ट्रातला सगळा प्रवास मिळून ६९४ किलोमीटरचा, आणि कंदकुर्ती तर महाराष्ट्र-तेलंगणच्या सीमेवरच आहे. म्हणजे त्र्यंबकेश्वरहून आलेली गोदावरी तिथवर फार तर ६९४ किलोमीटर आलेली असणार. मांजरेच्या वाटेनं मोजलं तर गोदावरी निदान ३० किलोमीटरनं वाढते, १४९५ च्या पुढे जाते आणि पहिला नंबर पुन्हा तिच्याकडे येतो.

उगमाचा वाद होतो तेव्हा लोक बहुधा कुंडाबद्दल भांडतात. महाबळेश्वरच्या जुन्या देवळातल्या गोमुखातून पडणारी धार हा उगम, की पावसाळ्यात त्याच्याही वर पठारावरून वाहणारे ओहोळ? भीमाशंकरला देवळाजवळचं कुंड, की थोडं खाली जंगलातलं गुप्त भीमाशंकर, जिथे नदी पुन्हा प्रकट होते असं मानतात? बारमाही पाण्यापासून मोजायचं की पावसाळी ओढ्याच्या टोकापासून, हा प्रश्न खराच आहे, पण त्यानं इथे किलोमीटर-दोन किलोमीटरचा फरक पडेल. खरी उलथापालथ होते ती संगमावर कोणती शाखा धरायची यामुळे. अमेरिकेतही हेच आहे. मिसुरी जिथे मिसिसिपीला मिळते तिथवर मिसुरीच जास्त लांब आहे, पण पुढे नाव मिसिसिपीचं चालतं. नाव देणारी माणसं टेप घेऊन बसलेली नव्हती. कोणत्या काठावर वस्ती आधी झाली, कोणतं पाणी आधी पूज्य ठरलं, यावरून नावं पडली.

आता मोजणीकडे वळू, कारण वरच्या सगळ्या बेरजा मी एक गोष्ट गृहीत धरून केल्या आहेत: ८६१, ६१२, ७२४ हे आकडे एकाच मापानं घेतले आहेत. तसं ते असतीलच असं नाही.

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. सोपं व्हावं म्हणून असं एक वळण नेमकं अर्धवर्तुळ आहे आणि त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर २ किलोमीटर आहे असं समजू. शाळेच्या ॲटलासमध्ये हे वळण इतकं छोटं होईल की नकाशा काढणारा तिथे सरळ रेघच ओढेल. तुमची मोजणी होईल २ किलोमीटर. जरा मोठा नकाशा घेऊन कर्कटकानं वळणाच्या मध्यावर एक टेका दिलात, तर दोन पावलं पडतील आणि उत्तर येईल २.८३. चार पावलांत मोजलंत तर ३.०६. आणि वळणावरून दोरा नीट फिरवलात तर ३.१४. एकच नदी, एकच वळण, पण पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात दीडपटीहून जास्त फरक. सगळी नदी काही अर्धवर्तुळांची बनलेली नसते, त्यामुळे एकूण लांबीत फरक इतका मोठा पडत नाही. पण शेकडो वळणांवर थोडं थोडं कापलं गेलं की ते सहज दहा-वीस किलोमीटरच्या घरात जातं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. १:१०,००,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वळण कागदावर नीट दाखवताच येत नाही. म्हणजे पहिल्या नकाशात २५ मीटरपर्यंतचा नागमोडीपणा टिकतो, दुसऱ्यात अर्ध्या किलोमीटरच्या आतलं सगळं पुसलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांना हेच देशांच्या सीमांबाबत दिसलं होतं. स्पेन आणि पोर्तुगालची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर नोंदली होती, दुसऱ्या ठिकाणी १२१४. मोजपट्टीचं पाऊल जितकं लहान, तितकी रेघ लांब.

मग पाऊल लहान करत गेलं तर नदी अमर्याद वाढेल का? समुद्रकिनाऱ्याबद्दल तसं म्हणतात. नदीचं मात्र वेगळं आहे, कारण नदीला रुंदी असते. विजयवाड्याला प्रकाशम बराजपाशी कृष्णेचं पात्र सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. तिथे दहा मीटरची पावलं टाकत काठाचा प्रत्येक खाचखळगा मोजला, तर ती काठाची लांबी झाली, नदीची नाही. नदीची लांबी म्हणजे पात्राच्या मध्यरेषेची किंवा सर्वांत खोल धारेची लांबी, आणि ती रेषा पात्राच्या रुंदीपेक्षा फार बारीक वळत नाही. म्हणून वाईजवळच्या अरुंद कृष्णेला जे पाऊल हवं, ते विजयवाड्याच्या कृष्णेला लागत नाही.

संगणकानं हा प्रश्न सुटला असं वाटतं, पण त्याची चूक उलट्या बाजूनं होते. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीत जमीन चौकटींत वाटलेली असते, समजा ३० मीटरच्या. पाणी एका चौकटीतून शेजारच्या आठांपैकी सर्वांत उताराच्या चौकटीत जातं, असा हिशेब चालतो. आता प्रवाह दोन चौकटी पूर्वेला आणि एक उत्तरेला असा तिरका सरळ जात असेल, तर खरं अंतर ६७ मीटर. संगणक मात्र एक पाऊल सरळ आणि एक कर्णानं टाकतो, आणि त्याचं अंतर होतं ७२ मीटर. जवळपास ८ टक्के जास्त. कागदाचा नकाशा नदी आखडतो, चौकटींचा नकाशा ती ताणतो. १४६५ किलोमीटरवर एक टक्का म्हणजेच जवळजवळ १५ किलोमीटर, तेव्हा वर आलेल्या ८ किलोमीटरच्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही. मांजरेच्या ३० किलोमीटरवरही मी डोळे मिटून विसंबणार नाही. सगळ्या शाखा एकाच प्रमाणाच्या नकाशावर, एकाच पावलानं मोजल्या तरच ही तुलना टिकेल.

मुखाचा प्रश्न त्रिभुज प्रदेशात येतो. गोदावरी धवलेश्वरमच्या खाली फुटते. गौतमी यानमच्या बाजूनं समुद्राला मिळते, वसिष्ठा अंतर्वेदीला. कोणत्या फाट्यानं शेवटचे किलोमीटर मोजले, हे आकड्याबरोबर क्वचितच लिहिलेलं असतं. जगातला याचा सर्वांत गाजलेला वाद ॲमेझॉनचा. २००८ मध्ये ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेनं ॲमेझॉन ६९९२ किलोमीटर आणि नाईल ६८५२ किलोमीटर असा निकाल दिला. त्यांनी उगम पेरूच्या दक्षिणेतल्या अँडीजमध्ये धरला आणि शेवट माराजो बेटाच्या दक्षिणेकडच्या पारा खाडीतून. पारा हे ॲमेझॉनचं मुख नाहीच असं मानणारे तो आकडा स्वीकारत नाहीत, आणि त्यांच्या यादीत नाईलच पहिली राहते.

नद्यांची तुलनाच करायची तर मला खोऱ्याचं क्षेत्रफळ जास्त भरवशाचं वाटतं. कारण उगम कुठलाही धरा, खोरं तेच राहतं, आणि कडेच्या बारीक वळणांत थोडं इकडचं तिकडे गेलं तरी क्षेत्रफळ फारसं हलत नाही. गोदावरीचं खोरं ३,१२,८१२ चौरस किलोमीटर आहे, कृष्णेचं २,५८,९४८. इथे भीमा, मांजरा कुणीही हा क्रम बदलू शकत नाही.

लांबी मात्र एकाच नदीत, एकाच वर्षात बदलू शकते. उजनी धरण भरलं की भीमेचं जुनं पात्र वळणांसकट पाण्याखाली जातं. उपग्रहाच्या चित्रावर जलाशयाची मध्यरेषा काढली तर ती त्या वळणांवरून सरळ निघून जाते आणि नदी तिथे आखूड होते. दुष्काळाच्या वर्षी मे महिन्यात पाणी खाली उतरतं, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, आणि त्या सुमारास वरच्या अंगाला जुनं पात्रही गाळातून वळत जाताना दिसू लागतं. त्या महिन्याच्या चित्रावर मोजलेली भीमा ऑक्टोबरच्या भीमेपेक्षा लांब भरेल.