त्रिकोण, षटकोन आणि देवळाचं छत

मुलांनो, आज वर्गात पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणायला सांगितल्या होत्या, त्या आता बाहेर काढा. चार पट्ट्यांची टोकं टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर बोटाने दाबा. चौकोन तिरका होऊन समांतरभुज होतो. एकही पट्टी वाकली नाही की तुटली नाही, तरी आकार बदलला. आता तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून तसंच दाबा. काहीच होत नाही.

याचं कारण तुम्हाला पाठ आहे, फक्त ते पुलाशी जोडलेलं नसेल. एकरूपतेची 'बाबाबा' कसोटी आठवा. तिन्ही बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच बनतो, त्याचे कोन बदलायला जागाच उरत नाही. चौकोनात चार बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. त्या चौकोनात तिरपी पाचवी पट्टी, म्हणजे कर्ण, घाला. दोन त्रिकोण तयार होतात आणि चौकोन गप्प बसतो. लोखंडी रेल्वेपुलाच्या बाजूला वर-खाली जाणारे तिरपे दांडे दिसतात ना, ते हेच काम करतात. इंजिनिअर अशा सांगाड्याला ट्रस म्हणतात. गाडी पुलावर आली की प्रत्येक दांडा एकतर ताणला जातो किंवा दाबला जातो, वाकवला मात्र फारसा जात नाही. हे महत्त्वाचं, कारण लांब दांडा वाकवणं सोपं आणि ताणून तोडणं फार अवघड. हातातली पट्टी आधी वाकवून बघा, मग दोन्ही टोकांना धरून ओढून बघा.

पण त्रिकोण आहे म्हणून पूल पडणारच नाही, असं समजू नका. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा ट्रसचा एक पूल 1 ऑगस्ट 2007 रोजी वाहनांसकट कोसळला आणि 13 माणसं गेली. चौकशीत दोष त्रिकोणांत सापडला नाही, तो सांध्यांत होता. जिथे दांडे एकत्र येतात तिथे त्यांना पकडणाऱ्या पोलादी पत्र्यांपैकी काही हव्या त्यापेक्षा निम्म्याच जाडीचे होते. तुमच्या खेळात ते पत्रे म्हणजे टाचण्या.

आता पोळं. मधमाशीची अडचण वेगळी आहे. तिला मध आणि अंडी ठेवायला खोल्या हव्यात आणि भिंतींसाठी मेण स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढावं लागतं. एक किलो मेणासाठी माश्यांना कित्येक किलो मध खावा लागतो. म्हणून तिच्यापुढचा प्रश्न असा की ठरलेल्या जागेला कमीत कमी भिंत कशी पुरवायची.

फटी न ठेवता एकाच मापाच्या सुसम आकारांनी जमीन भरायची तर पर्याय तीनच आहेत: समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. पंचकोनाचा कोन 108 अंशांचा. तीन पंचकोन एका बिंदूभोवती ठेवले तर 324 अंश होतात, चौथा मावत नाही आणि फट राहते. आता प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ 25 चौरस मिलिमीटर धरू, कामकरी माशीची खोली साधारण एवढीच असते. त्रिकोणाची परिमिती येते 22.8 मिलिमीटर, चौरसाची 20 आणि षटकोनाची 18.6. चौरसाच्या तुलनेत जेमतेम सात टक्के बचत. थोडी वाटते, पण हजारो खोल्यांच्या पोळ्यात ती थोडी राहत नाही. वर्तुळाची परिमिती याहूनही कमी, 17.7 मिलिमीटर. मात्र वर्तुळं शेजारी ठेवली की मध्ये फटी उरतात आणि एक भिंत दोन खोल्यांना वापरता येत नाही.

षटकोनच सगळ्यांत काटकसरीचा, हा अंदाज रोमन लेखक वॅरोने दोन हजार वर्षांपूर्वी शेतीवरच्या ग्रंथात नोंदवला होता. त्याची पूर्ण सिद्धता मात्र थॉमस हेल्स या गणितज्ञाने 1999 मध्ये दिली. माशीला सिद्धता माहीत होती, असं म्हणायचा मोह आवरा. पोळं नीट बघितलंत तर नरमाश्यांच्या खोल्या मोठ्या असतात. लहान आणि मोठ्या खोल्या जिथे भेटतात, तिथे पाच किंवा सात बाजूंच्या वेड्यावाकड्या खोल्याही सापडतात.

देवळाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घेतो. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक देवळांत सभामंडपात उभं राहून वर बघा. चार खांबांवर चार दगडी तुळया आणि त्यांवर एकात एक फिरवलेले चौरस, बऱ्याचदा मधोमध कमळ. ही नक्षी वाटते, पण आधी ती एक युक्ती आहे.

दगड दाबायला फार कणखर आणि ताणायला दुबळा. दाब जितका सोसतो, त्याच्या साधारण दहावा हिस्सा ताण सोसला तरी पुष्कळ. एखादी शिळा दोन टोकांवर आडवी टाकली की स्वतःच्या वजनाने ती मध्ये किंचित खाली येते. वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. म्हणून पडक्या देवळात तुळईला तडा गेलेला दिसला तर तो बहुधा मधोमध आणि खालून सुरू झालेला असतो.

आता समजा खांबांच्या मधला चौरस 3.2 मीटर बाजूचा आहे. तो एकाच शिळेने झाकायचा तर अवजड शिळा लागेल आणि ती तडकायची भीती. स्थपती काय करतो? चारही कोपऱ्यांवर एकेक त्रिकोणी शिळा ठेवतो. शिळेच्या दोन बाजू तुळयांवर टेकतात आणि तिसरी, लांब बाजू मोकळी राहते. या शिळा तुळयांच्या मध्यापर्यंत आल्या तर आत 45 अंशांनी फिरलेला नवा चौरस उरतो. पायथागोरसने त्याची बाजू काढा: 1.6 चा वर्ग अधिक 1.6 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 2.26 मीटर. क्षेत्रफळ बरोबर निम्मं. त्यावर हीच क्रिया पुन्हा केली की उरतो 1.6 मीटरचा चौरस, त्याची बाजू मूळच्या बाजूशी समांतर आणि तिच्या निम्मी. तो एका शिळेने झाकता येतो.

फायदा किती? सारख्याच जाडीची शिळा अर्ध्या लांबीवर टाकली तर स्वतःच्या वजनामुळे तिच्या खालच्या बाजूला येणारा ताण अर्धा होत नाही, चौथाई होतो. कारण हा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सिमेंट नाही, पोलाद नाही, फक्त कोपरे कापत गेलं.

कुठे कुठे कोपरे एवढे पुढे आणत नाहीत. तिथे आधी अष्टकोन होतो आणि त्यावर गोल थर चढत जातात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा आत सरकलेला असतो. फार सरकला तर शिळा आत कलंडेल, म्हणून तिचं मागचं टोक वरच्या दगडांच्या वजनाखाली दाबून ठेवतात.

या युक्तीने छताची शिळा वाचते, खालच्या चार तुळया वाचत नाहीत. उलट कोपऱ्यांच्या शिळांचं सगळं वजन त्यांच्यावरच येतं आणि त्याही दगडाच्याच, खांबापासून खांबापर्यंत पसरलेल्या. मंडपाचा विस्तार तुळई ठरवते, छत नाही. म्हणून दगडी मंडप मोठा करायचा झाला की स्थपती तुळई लांबवत नाही, मध्ये आणखी खांब उभे करतो.