मुलीकडे जर्मनीला जाताना व्हिसासाठीचं कव्हर लेटर

आई-वडील मुलीला भेटायला जर्मनीला निघाले की शेंगेन व्हिसाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर कव्हर लेटर लावतात. पत्र एका पानाचं पुरतं. ते इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असावं. अधिकारी ते बाकीच्या कागदांशी ताडून पाहतो, म्हणून पत्रातलं प्रत्येक वाक्य एखाद्या कागदावर टेकलेलं हवं.

कारण थेट लिहा: मुलगी कोण, कुठल्या शहरात राहते, तिथे नोकरी करते की शिकते, आणि आताच का जायचं आहे. ‘पर्यटन व कुटुंबभेट’ असं मोघम लिहू नका. नातं जन्मदाखल्याने सिद्ध होतं. पण लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं असेल, तर जन्मदाखला आणि तिचा पासपोर्ट जुळत नाहीत. तिथे विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा आणि पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करा.

तारखा नेमक्या द्या. समजा, 10 जूनला पोहोचून 4 जुलैला निघायचं आहे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणजे मुक्काम 24 नव्हे, 25 दिवसांचा. अर्ज, मुलीचं निमंत्रण, तिकिटांचं बुकिंग आणि विमा या सगळ्यांत हाच काळ दिसला पाहिजे. विमा किमान 30,000 युरोचा आणि पूर्ण मुक्काम झाकणारा लागतो. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे, त्यामुळे आधीचा शेंगेन मुक्काम त्या काळात पडत असेल तर त्याच्याही तारखा लिहा.

खर्चाच्या परिच्छेदावर मात्र वेळ घालवा. ‘मुलगी सगळं बघेल’ एवढ्याने भागत नाही. समजा, वडील निवृत्त आहेत आणि आईला स्वतःचं उत्पन्न नाही. मग असं लिहा: ‘दोघांची तिकिटं आणि विमा मी माझ्या पेन्शनमधून भरत आहे, बँक स्टेटमेंट जोडले आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मुलगी करणार आहे; तिचे हमीपत्र जोडले आहे.’ हे हमीपत्र मुलीने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यायचं असतं आणि फाइलला मूळ प्रत लागते. घरी टाइप केलेलं पत्र त्याची जागा घेत नाही. आईचा अर्ज स्वतंत्र असतो, म्हणून तिच्या फाइलमध्येही हेच कागद आणि पती-पत्नीच्या नात्याचा पुरावा ठेवा.

अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम आली असेल तर ती उसनी आणून दाखवल्यासारखी वाटते. मुदत ठेव मोडली असेल तर तसं लिहा आणि बँकेची पावती लावा.

शेवटी परत येण्याचं कारण दोन ओळींत द्या: पेन्शन इथे जमा होते, घर नावावर आहे, धाकटा मुलगा शिकतो आहे. यातलं जे खरं आणि कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा, आणि पासपोर्टवर आहे तशीच सही करा.